चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी

कापणीला आपल्याकडे सण आहे. मुंबई, ठाणे आणि वसईच्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो आणि नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे आणल्या जातात. गोव्यातील गावांत ऑगस्टमध्ये कणसांचा सण होतो. पिकाच्या शेवटी देवाचे आभार मानण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु पीक जेथून सुरू होते त्या क्षणासाठी, म्हणजे मृगाच्या तोंडावर शेतकरी चाड्यावर मूठ धरतो त्या क्षणासाठी, ख्रिस्तसभेपाशी काही उपासना आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण थबकतील. अशी उपासना आहे. ती दीड हजार वर्षांची जुनी आहे, आणि मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या शेतीशी ती जितकी जुळते तितकी ती जेथे जन्मली त्या देशाशीही जुळत नसेल, असे आमचे मत आहे. त्या उपासनेचा इतिहास येथे थोडक्यात मांडतो.

जुन्या पिढीतील वाचकांना 'रोगेशन' हा शब्द आठवत असेल. 'रोगारे' या लॅटिन धातूचा अर्थ मागणे, विनवणे. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे ते तीन याचनेचे दिवस. त्या दिवशी संतांची लितानी गात, शेताशिवारातून मिरवणूक निघे आणि धर्मगुरू पिकांवर पवित्र पाणी शिंपडीत.

या दिवसांचा आरंभ झाला तो आजच्या फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठच्या व्हिएन या नगरात. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना ती वेगळी. सुमारे इ. स. ४७० च्या आसपास मामेर्तुस हे तेथील बिशप होते. रोमन सत्ता तेव्हा मोडकळीस आली होती. त्यातच नगरात भूकंपाचे धक्के बसू लागले, वारंवार आगी लागू लागल्या आणि रानातील श्वापदे भर बाजारात शिरू लागली. पास्काच्या जागरणाच्या रात्री उपासना चालू असतानाच टेकडीवरील एका मोठ्या इमारतीला आग लागली. आपापली घरे वाचवण्यासाठी लोक मंदिर सोडून धावले. बिशप मात्र वेदीपाशी एकटेच उभे राहून रडत प्रार्थना करीत राहिले आणि आग विझली. त्याच रात्री त्यांनी तीन दिवसांच्या याचनेचा संकल्प केला. हा वृत्तान्त मामेर्तुस यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच पीठावर बसलेले बिशप आविटुस यांनी आपल्या एका प्रवचनात सांगितला आहे.

त्या प्रवचनातील एक तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. लोक येतील की नाही, याची मामेर्तुस यांना धास्ती होती. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी मिरवणुकीचा मुक्काम मुद्दामच नगराच्या तटाजवळच्या एका मंदिरात ठेवला, म्हणजे थोडेच लोक आले तरी हसे होऊ नये. प्रत्यक्षात एवढी गर्दी लोटली आणि लोक एवढ्या आर्ततेने चालले की ते अंतर अपुरे वाटले, आणि पुढच्या दिवशी लांबचे ठिकाण ठरवावे लागले. धर्मग्रामात नवी उपासना सुरू करताना प्रत्येक धर्मगुरूच्या पोटात जो गोळा येतो, तो संतांच्याही पोटात आला होता म्हणायचा!

दुसरा साक्षीदार म्हणजे क्लेरमाँचे बिशप सिदोनिउस अपोलिनारिस. गॉथ टोळ्यांनी आपल्या नगराला वेढा घातला असता त्यांनी व्हिएनची ही रीत उचलली आणि मामेर्तुस यांना पत्र लिहून तसे कळवले. त्या पत्रात ते सांगतात की याचनेच्या मिरवणुका यापूर्वीही होत, पण त्या विस्कळीत आणि जांभया देत केलेल्या असत. मध्येच जेवणाची वेळ झाली की भक्ती ओसरे. शिवाय त्या बहुधा पावसासाठी नाहीतर उघडिपीसाठी असत, आणि त्यामुळे कुंभार आणि बागवान यांना एकाच मिरवणुकीत एकत्र येणे कठीण होई. एकाला मडकी वाळवायला ऊन हवे, दुसऱ्याला पाऊस.

हे वाक्य पंधराशे वर्षांपूर्वीचे आहे, पण हिंगोली आणि वसमतच्या शिवारात ते आजही खरे आहे. हळदीचा हा मुलूख. उन्हाळ्यात काढणी झालेली हळद शिजवून खळ्यावर पसरली जाते आणि ती खडखडीत वाळायला दहापंधरा दिवसांचे कडक ऊन लागते. मे महिन्यात वळवाची एक सर आली तर वाळत घातलेल्या हळदीचा रंग जातो आणि भाव पडतो. त्याच सरीने शेजारच्या रानातील ढेकळे फुटून वखराची पाळी सोपी होते. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या प्रार्थना चालू असतात. मामेर्तुस यांचे मोठेपण असे की त्यांनी मिरवणुकीला 'पाऊस दे' किंवा 'ऊन दे' असे एकच मागणे दिले नाही. तीन दिवस उपवास, पश्चात्ताप आणि सामूहिक प्रार्थना दिली. मागणे देवाच्या हाती सोपवले, म्हणून कुंभार आणि बागवान यांना बरोबर चालता आले.

इ. स. ५११ मध्ये राजा क्लोविस याच्या काळात ओर्लेआँ येथे बिशपांची परिषद भरली. तिने हे तीन दिवस राज्यातील सर्व ख्रिस्तमंदिरांना लागू केले. आमच्या दृष्टीने त्या नियमाचा शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा आहे: या तीन दिवसांत दास आणि दासी यांना सर्व कामांतून मोकळे करावे, म्हणजे सगळी प्रजा एकत्र येऊ शकेल. पिकासाठी प्रार्थना करायची, आणि पीक ज्याच्या घामाने उभे राहते तो मात्र रानात राबत ठेवायचा, ही विसंगती त्या परिषदेने ओळखली होती. मालक मिरवणुकीत आणि गडी औतावर असे चालणार नाही, हा त्याचा अर्थ.

मराठवाड्यातील वाचकाला हा नियम वाचताना सालगड्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गुढीपाडव्याला सालाचा करार होतो. उचल घेतलेली असते. मृग निघाला की गड्याला श्वास घ्यायला सवड नसते. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची रोजी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात गेलेली आहे. त्यांच्यापाशी आशीर्वादासाठी आणायला स्वतःचे बियाणे नसते, शेतही नसते. असते ते फक्त काम. म्हणून पेरणीची उपासना बियाणे आणि भूमी यांवरच थांबली तर ती निम्म्या मंडळींना बाहेर ठेवते. माद्रिदचे संत इसिदोर, ज्यांचा सण १५ मे रोजी येतो, ते स्वतः एका जमीनदाराच्या शेतावर राबणारे गडी होते. ते प्रार्थनेत वेळ घालवतात अशी तक्रार त्यांच्या सोबत्यांनी मालकाकडे केली, असे त्यांच्या चरित्रकथेत येते. १६२२ साली संत इग्नाती लोयोला आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच त्यांना संतपद जाहीर झाले, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

रोममध्ये ही तीन दिवसांची रीत उशिरा पोहोचली. पोप तिसरे लिओ (७९५ ते ८१६) यांनी ती तेथे आणली. रोमची स्वतःची मिरवणूक आधीपासून होती ती २५ एप्रिलची. त्या तारखेला जुने रोमन लोक रोबिगुस नावाच्या देवतेला बळी देत, कारण गव्हावर पडणारा तांबेरा त्याच्या कोपाने येतो अशी समजूत होती. ख्रिस्तसभेने तीच तारीख आणि बहुतेक तोच रस्ता घेतला आणि त्यावर संतांची लितानी म्हटली. हळव्या मनाच्या काही वाचकांना हे उसनवारीचे वाटेल. आम्हांला त्यात एवढेच दिसते की तांबेऱ्याची भीती खरी होती आणि ती कोणाच्या चरणी ठेवायची एवढाच प्रश्न होता. आज सोयाबीनवरच्या रोगालाही आपण तांबेराच म्हणतो.

इंग्लंडमध्ये या मिरवणुकीला आणखी एक काम चिकटले: धर्मग्रामाच्या हद्दीवरून चालत जाऊन खुणेचे दगड आणि झाडे मुलांना दाखवणे. धर्मसुधारणेनंतर तेथील बहुतेक मिरवणुका बंद झाल्या, पण १५५९ च्या राजाज्ञेने ही हद्दीची फेरी शिल्लक ठेवली. जॉर्ज हर्बर्ट या अँग्लिकन धर्मगुरूने ग्रामीण पाळकासाठी लिहिलेल्या पुस्तकात, जे त्याच्या मृत्यूनंतर १६५२ मध्ये छापले गेले, या फेरीचे चार लाभ सांगितले आहेत: शेताला देवाचा आशीर्वाद मिळतो, हद्दी न्यायाने राखल्या जातात, बरोबर चालताना शेजाऱ्यांतील भांडणे मिटतात, आणि गरिबांना दान दिले जाते. यांतला दुसरा आणि तिसरा लाभ आम्हांला आपल्या शिवारासाठी मुद्दाम नोंदवावासा वाटतो. बांध कोरणे हा शब्दप्रयोग ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या लोकांना तो अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. नांगरटीच्या वेळी वितभर बांध कोरला जातो आणि पेरणीच्या दिवशी त्यावरून कुऱ्हाडी निघतात. दोन्ही घरांनी आदल्या दिवशी त्याच बांधावरून लितानी म्हणत चालणे हा काही कायद्याचा उपाय नव्हे. पण बांध कोठे आहे हे त्या दिवशी सर्वांनी एकत्र पाहिलेले असते.

आता पंचांगाकडे वळू. स्वर्गारोहणाचा सण पास्कानंतर चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येतो. म्हणजे तो लवकरात लवकर ३० एप्रिलला आणि उशिरात उशिरा ३ जूनला. त्याआधीचे तीन याचनादिन त्यामुळे २७ एप्रिल ते २ जून यांच्या दरम्यानच पडतात. युरोपात त्या वेळी गहू गुडघाभर वाढलेला असतो आणि द्राक्षवेलींना कोवळे कोंब असतात. तेथील याचना उभ्या पिकासाठी असते, उशिरा पडणाऱ्या थंडीपासून आणि गारांपासून ते वाचावे म्हणून. बियाण्याचा आशीर्वाद तेथे वेगळाच येतो: जुन्या रोमन विधिग्रंथात तो ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला जोडलेला आहे, कारण तिकडचा हिवाळी गहू त्यानंतर पेरतात.

हिंगोलीत नेमके उलट आहे. आपला मृग ७ किंवा ८ जूनला निघतो. म्हणजे कोणत्याही वर्षी याचनादिन मृगाच्या आधीच येतात, कधी पाच दिवस तर कधी सव्वा महिना. त्या दिवसांत रान काळे आणि उघडे असते. नांगरट होऊन ढेकळे तापत पडलेली असतात, वखराच्या पाळ्या चालू असतात, हळदीचे बेणे निवडले जात असते आणि सोयाबीनच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात. तिकडे उभ्या पिकासाठी असलेले दिवस येथे आपोआप बियाण्याचे, मातीचे आणि सुरू होणाऱ्या श्रमाचे दिवस ठरतात. ही सोय कोणी आखली नव्हती. परंतु मिशनऱ्यांनी युरोपातून आणलेल्या पंचांगात आपल्या मातीला आपोआप जुळलेले असे थोडेच काही आहे, म्हणून तिची दखल घेतो.

१९६९ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत उपासनावर्षाचे नवे नियम आले आणि याचनादिन सार्वत्रिक पंचांगातून निघाले. त्यामुळे ते रद्दच झाले असा समज पसरला. तो बरोबर नाही. त्या नियमांत या दिवसांचा हेतू स्पष्ट सांगितला आहे: माणसांच्या गरजांसाठी, विशेषतः भूमीच्या फळांसाठी आणि मानवी श्रमासाठी प्रार्थना करणे. दिवस कोणता, किती दिवस आणि वर्षातून किती वेळा, हे मात्र प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेने स्थानिक परिस्थिती पाहून ठरवावे असे म्हटले आहे. नव्या मिस्सा ग्रंथात 'पेरणीच्या वेळी' म्हणून स्वतंत्र मिस्सा आहे, आणि १९८४ च्या आशीर्वचनांच्या ग्रंथात शेते, कुरणे आणि गुरे यांच्या आशीर्वादाचा विधी आहे. दार बंद झाले नाही. किल्ली फक्त रोमहून आपल्या हाती आली.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा संत योसेफ कामकरी यांचा सण होता. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने हा सारा भाग औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा करण्यात आला. अंतरे मोठी आणि ख्रिस्ती घरे विखुरलेली, म्हणून येथे तीन दिवसांची मिरवणूक नेणे व्यवहार्य नाही. एक संध्याकाळ पुरे. ती कशी असावी याविषयी आमचे विचार मांडतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऊन उतरल्यावर, कोणाच्या तरी शेताच्या बांधावर जमावे. तीन गोष्टी आणाव्यात: पेरणीच्या बियाण्यातून काढलेले मूठभर दाणे, रानातील ढेकूळ, आणि कामाचे हत्यार, म्हणजे खुरपे, विळा, चाडे किंवा सरते. तिफणीमागून सरत्याने तुरीचे दाणे सोडीत चालण्याचे काम बहुधा बायकांचे असते, म्हणून सरते एखाद्या मावशीच्याच हाती असावे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामुळे चाडे आणि सरते मागे पडले असले तरी पुष्कळ घरांत ती अजून आढ्याला टांगलेली आहेत. वाचनासाठी संत मार्क यांच्या चौथ्या अध्यायातील, पेरणारा झोपला असता आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला सर्वांत योग्य. त्याबरोबर अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील, मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी ही आज्ञा वाचली जावी. मजुरीची आज्ञा त्याच संध्याकाळी वाचली पाहिजे, कारण हंगामाचे दर त्याच आठवड्यात ठरत असतात. मग लितानी, बांधावरून फेरी, आणि आशीर्वाद.

येथे एक सावधगिरीची सूचना. पवित्र पाणी बियाण्याच्या उघड्या पोत्यात शिंपडू नये. सोयाबीनची साल अतिशय पातळ असते. दमट झालेला दाणा फुगतो आणि पेरणीपर्यंत उगवण्याची शक्ती गमावतो. गुलाबी किंवा हिरवा रंग दिलेले बियाणे विषारी औषध चोळलेले असते, ते मुलांच्या हाती देऊ नये. म्हणून आशीर्वाद मूठभर साध्या दाण्यांवर द्यावा आणि ते दाणे पेरणीच्या दिवशी पहिल्या तासात टाकावेत.

त्या मुठीबरोबर आणखी एक गोष्ट बांधावर आणावी असे आम्ही सुचवतो: उगवण तपासलेला गोणपाटाचा तुकडा. पाचसहा दिवस आधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळून, सावलीत ओला ठेवावा. नंतर निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे. समजा साठच उगवले, तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे ३५ किलो लागेल. त्याहून कमी उगवले तर ते बियाणे धान्य म्हणून विकलेले बरे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी एवढ्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यांची दखल घेतली. ज्यांनी घरी शंभर दाणे मोजले असतील त्यांना आपल्या बियाण्याचा दोष पेरणीआधीच कळला असेल. बियाण्यावर आशीर्वाद मागणे आणि बियाणे तपासणे यांत आम्हांला विरोध दिसत नाही. मार्कच्या दाखल्यातील शेतकरी झोपतो खरा, पण पेरून झाल्यावर.

आशीर्वाद झाला म्हणून दुसऱ्या दिवशी पेरू नये, हेही सांगितले पाहिजे. मृगाची पहिली सर पडली की हात शिवशिवतात. परंतु ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल वीतभर खाली उतरेपर्यंत थांबावे, हा कृषी विभागाचा जुना सल्ला आहे. वरच्या ओलीवर पेरलेले दाणे कोंब काढतात, आठदहा दिवसांची उघडीप पडते आणि कोंब जळून जातात. त्यालाच दुबार पेरणी म्हणतात: बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा, आणि तो बहुधा सावकाराच्या किंवा बचतगटाच्या पैशातून. जे कुटुंब त्यात सापडते त्याला चेहरा दाखवायला लाज वाटते, जणू त्याची प्रार्थना कमी पडली होती. अशा घरासाठी १९६९ च्या नियमातील 'पुन्हा' हा शब्द उपयोगी आहे. याचनादिन वर्षातून एकदाच करायचा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. जुलैमध्ये दुसरी मूठ चाड्यावर धरताना त्या घराच्या बांधावर तीच मंडळी, तेच वाचन आणि तीच लितानी घेऊन पुन्हा जाता येते.